तान्ह्या बाळाची कातडी लाल होऊन सोलतेय? या चुका टाळा

मी बालरोग वॉर्डात सिस्टर आहे. स्टॅफिलोकोकल स्काल्डेड स्किन सिंड्रोम हे लांबलचक नाव आम्ही वॉर्डात 'फोर-एस' असं उरकतो. आजार रोज दिसणारा नाही, पण जेव्हा दिसतो तेव्हा घरच्यांनी केलेल्या चुका मात्र ठरलेल्या असतात.

आधी आजार थोडक्यात. स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जंतू नाकात, डोळ्यात, बेंबीत किंवा एखाद्या छोट्या फोडात बसतो आणि तिथून विष सोडतो. ते विष रक्तातून अंगभर पसरतं आणि कातडीच्या सगळ्यात वरच्या थरातल्या पेशींना धरून ठेवणारं प्रथिन तोडतं. मोठ्या माणसाच्या रक्तात बहुधा या विषाविरुद्ध अँटीबॉडी असतात आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. तान्ह्या बाळाकडे दोन्ही बाजू लंगड्या. म्हणून संसर्ग बेंबीत असतो आणि कातडी खांद्यावरची निघते. जिथे काहीच झालेलं नव्हतं तिथली कातडी कशी गेली, हे कोडं घरच्यांना पडतं ते यामुळेच.

'घामोळं असेल' म्हणून थांबणं

घामोळ्याचे बारीक पुरळ असतात आणि बाळ खेळत असतं. इथे गळ्याच्या वळ्या, काखा, जांघा सपाट लाल होतात आणि हात लावला की दुखतात. मी आईला एकच प्रश्न विचारते: उचलल्यावर रडतंय की खाली ठेवल्यावर? एरवी तान्हं बाळ कडेवर घेतलं की शांत होतं. हे उचललं की किंचाळतं आणि मऊ दुपट्यावर ठेवलं की जरा निवतं. लाल कातडी आणि हे उलटं रडणं एकत्र दिसलं, की पुढची सुरकुती, पातळ पाण्याचे फोड किंवा सालपटं दिसायची वाट पाहू नका. तोंडाभोवती खपल्या आणि ओठांच्या कडेने बाहेर जाणाऱ्या चिरा दिसल्या तर शंका आणखी पक्की.

नवजात बाळाची हातापायांची कातडी पहिल्या एक-दोन आठवड्यांत कोरडी होऊन सुटते, ते वेगळं. तिथे खाली लाली नसते, बाळाला दुखतही नाही. तेवढ्यासाठी रात्री बारा वाजता रिक्षा शोधायची गरज नाही.

'ताप नाही ना, मग उद्या बघू' हेही नेहमीचंच. तान्ह्या बाळाला गंभीर संसर्गात ताप येईलच असं नसतं, उलट अंग गार पडू शकतं.

मेडिकलमधून ट्यूब आणणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. तीन आठवड्यांचं एक बाळ आलं होतं. आई बाळंतपणाला माहेरी आलेली. नाळ पडून गेली होती, पण बेंबी ओली होती, थोडा पू यायचा आणि त्यावर हळद-तेल चाललं होतं. गुरुवारी गळ्यात लाली दिसली. मामा मेडिकलमधून ट्यूब घेऊन आला. स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध, तिन्ही एकाच ट्यूबमध्ये. शुक्रवारी लाली फिकी वाटली आणि घरात सगळे खूश. स्टिरॉइडने लाली दबते, विष दबत नाही. जंतूशी लढायची बाळाची ताकद मात्र कमी होते. म्हणून या आजारात स्टिरॉइड नकोच असतं.

शनिवारी सकाळी नेहमीची मालीशवाली बाई आली. तेलाचा हात खांद्यावरून फिरला आणि कातडी ओल्या टिश्यूपेपरसारखी गोळा होऊन हातासोबत आली. खाली लालबुंद, ओलसर भाग. तरी त्यावर खोबरेल लावून दुपारपर्यंत वाट पाहिली. आमच्याकडे आलं तेव्हा अंगाचं तापमान 35.8 अंश सेल्सिअस, डोळे चिकटलेले आणि रात्रीपासून लंगोट कोरडा.

खरी घाई याचसाठी असते. कातडी गेली की अंगातलं पाणी झिरपतं, ऊब निघून जाते आणि दुसऱ्या जंतूंना दार उघडं मिळतं. त्या बाळाला वॉर्मरखाली ठेवलं, शिरेतून सलाइन आणि क्लॉक्सासिलिन सुरू केलं, दुखण्यासाठी डॉक्टरांनी वजनावर मोजून पॅरासिटामॉल दिलं. सोललेल्या भागावर व्हॅसलिन लावलेलं न चिकटणारं ड्रेसिंग. सलाइनची सुई चिकटपट्टीने नाही, मऊ बँडेज गुंडाळून बसवली, कारण पट्टी काढताना उरलेली कातडी तिच्यासोबत येते. तिसऱ्या दिवशी नवीन सोलणं थांबलं, दहाव्या दिवशी बाळ घरी गेलं. गुरुवारीच आलं असतं तर औषध बहुधा हेच मिळालं असतं, हाल मात्र टळले असते.

चोळणं, दाबून बघणं

मालीश, उटणं, डाळीचं पीठ, टॉवेलने खसखसून पुसणं, सगळं बंद. यात आमची नवीन इंटर्न मंडळीही कमी नाहीत. लाल भागावर बोट घासलं की कातडी सरकते, हे चिन्ह पुस्तकात असतं आणि प्रत्येकाला ते स्वतः करून बघायचं असतं. एकाने पाहिलं, केसपेपरवर लिहिलं, संपलं. तसंच, फोडातल्या पाण्याचा स्वॅब पाठवून 'जंतू नाही' असा रिपोर्ट आला म्हणून निश्चिंत होऊ नका. विष रक्तातून आलेलं असतं, फोडात जंतू सापडत नाहीत. स्वॅब नाक, डोळे, बेंबी इथून घ्या. रिपोर्ट येईपर्यंत अँटिबायोटिक थांबवायचं नसतं, हे वेगळं सांगायला लागू नये.

बाकीच्या चुका

फोड फोडू नका. हळद, कोरफड, टूथपेस्ट, भाजल्यावरचं पांढरं क्रीम, काहीही लावू नका. त्या क्रीममधलं सल्फा सोललेल्या कातडीतून रक्तात जातं आणि तान्ह्या बाळाला ते धोक्याचं असतं. आयबुप्रोफेनचं सिरप घरातून देऊ नका. 'कुणीतरी गरम पाणी सांडलं' म्हणून सुनेवर किंवा कामवालीवर आरोप करत बसू नका, आधी निघा. फोटो नात्यातल्या डॉक्टरला पाठवून निळ्या टिकांची वाट पाहू नका.

निघताना मी सांगते ते एवढंच: धुतलेल्या मऊ सुती कपड्यात बाळ सैल गुंडाळा, घट्ट बांधू नका, उचलताना काखेत हात न घालता पाठ आणि ढुंगणाखाली दोन्ही तळवे द्या. बाळ ओढत असेल तर अंगावर पाजत राहा. लावलेली ट्यूब सोबत आणा, लपवू नका, कुणी ओरडणार नाही (मी थोडी ओरडते). बाळ सुस्त असेल, पीत नसेल किंवा सहा-आठ तास लघवी झाली नसेल तर 108 ला फोन करा आणि जिथे नवजात बाळं भरती करतात अशाच ठिकाणी जा. जवळच्या दवाखान्यात एक इंजेक्शन घेऊन परत यायचा शॉर्टकट इथे चालत नाही. तोंडाच्या आतही फोड असतील, विशेषतः एखादं औषध दिल्यानंतर, तर तो बहुधा दुसराच आजार आहे. धावपळ तेवढीच करायची, फक्त औषधाचं नाव डॉक्टरांना आधी सांगायचं.

घरी गेल्यावर आयांचा पहिला प्रश्न असतो, डाग राहतील का? कातडी फक्त वरच्या थरात सुटलेली असते, त्यामुळे साधारण दोन आठवड्यांत भरते आणि व्रण राहत नाही. शेवटी काही दिवस कोरडी सालं पडतात, ती ओढू नका. तोंडी औषध सांगितलं तितके दिवस पूर्ण द्या. आणि घरात कुणाच्या बोटाला पू असेल, नखुरडं झालं असेल, तर ते बरं होईपर्यंत त्या माणसाने बाळाला हात लावायचा नाही, मग ती आजी का असेना.