चिमुकल्यांसाठी मराठी-इंग्रजी चित्रपत्ते घरी कसे तयार करावेत

दीड ते तीन वर्षांच्या मुलासाठी सुरुवातीला पाच पत्ते पुरतात. वस्तू घरात रोज दिसणारी असावी आणि दोन्ही भाषांतील शब्दांची सुरुवात शक्यतो एकाच ध्वनीने व्हावी. नाक-नोज, बादली-बकेट, पपई-पपाया, साबण-सोप आणि लिंबू-लेमन या जोड्या त्या दृष्टीने सोयीच्या आहेत. प, ब आणि न हे ध्वनी मुलांना लवकर जमतात. स आणि ण उशिरा येतात, त्यामुळे साबणाचा ‘ताबन’ झाला तरी पत्ता बाद करू नये.

जोडी अक्षरावरून नव्हे, कानाने पारखावी. दार आणि डोअर एका जातीचे वाटतात, परंतु मराठी कानाला द आणि ड हे वेगळेच आहेत. चमचा आणि चेंडू यांतही च एकच लिहिला जातो, उच्चार मात्र दोन होतात.

छायाचित्र आपल्याच घरातील वस्तूचे घ्यावे. बादली साध्या, एकरंगी चादरीसमोर ठेवून खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता फोटो काढावा. ए-फोर आकाराच्या जाड कागदाचे चार समान भाग केले की सुमारे १०.५ × १४.८ सेंटिमीटरचा पत्ता मिळतो. दोन्ही बाजूंना तेच चित्र छापून एकीकडे मराठी आणि दुसरीकडे इंग्रजी शब्द द्यावा. आमच्या पहिल्या संचात दोन्ही शब्द एकाच चित्राखाली होते. मोठी माणसे ते एका दमात वाचत आणि मुलगी आंघोळीच्या वेळी ‘बादलीबकेट’ मागू लागली. मराठी शब्द घरात बोलतात तसाच लिहावा. ‘केळं’ म्हणणाऱ्या घरात ‘केळे’ छापण्याचे कारण नाही.

लॅमिनेशनमध्ये क्रम महत्त्वाचा आहे. पत्ते आधी कापून, कोपरे गोल करून, पाऊचमध्ये एकमेकांपासून अंतर राखून ठेवावेत आणि नंतर कापताना कागदाभोवती किमान ३ मिलिमीटर पारदर्शक कड सोडावी. आख्खा कागद लॅमिनेट करून मग कापल्यास कागदाची कड उघडी पडते, चघळताना लाळ आत शिरते आणि प्लॅस्टिकचे थर सुटू लागतात. प्लॅस्टिकचे कोपरेही गोल करावेत आणि थर सुटलेला पत्ता लगेच काढून टाकावा.

पत्ते दाखवताना दोनच जमिनीवर ठेवून ‘बादली कुठे आहे?’ असे विचारावे आणि लगेच खऱ्या बादलीपाशी जावे. दोन-तीन मिनिटांत थांबावे. इंग्रजी बाजू त्याच दिवशी दुसऱ्या वेळी घ्यावी. पत्त्यावरचे लिंबू ओळखणारे मूल ओट्यावरचे लिंबू ओळखत नसेल, तर बहुधा चित्रात लिंबू बादलीएवढे मोठे दिसत असते. अशा वेळी लिंबू तळहातावर धरून नवा फोटो काढावा.