अभिजित मुहूर्त घड्याळातल्या बाराला नसतो

दिवसाचे पंधरा समान भाग केले की आठवा भाग अभिजित. म्हणजे तो गावच्या खऱ्या मध्यान्हाभोवती येतो. आपलं घड्याळ मात्र 82.5 अंश पूर्व रेखांशाचं, प्रयागराजजवळचं. तिथून पश्चिमेला प्रत्येक अंशामागे सूर्य चार मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. मुंबईत हा उशीर साधारण 38 मिनिटांचा. शिवाय सूर्याची चाल वर्षभर सारखी नसते, त्यामुळे फेब्रुवारीच्या मध्याला आणखी 14 मिनिटांची भर पडते.

हिशोब सोपा आहे. 12 फेब्रुवारीला मुंबईत सूर्योदय सुमारे 7:07, सूर्यास्त 6:39. दोन्हींचा मध्य 12:53. दिनमान 692 मिनिटं, त्याचा पंधरावा भाग 46. मध्याच्या अलीकडे-पलीकडे 23 मिनिटं धरली की अभिजित 12:30 ते 1:16. बाराच्या ठोक्याला नारळ फोडणारा अर्धा तास आधीच उरकतो!

नागपूरला त्याच दिवशी हा काळ पंचवीसेक मिनिटं आधी सुरू होतो, म्हणून दुसऱ्या गावच्या पंचांगातली वेळ जशीच्या तशी घेऊ नका. आणि बुधवार असेल तर अनेक पंचांगकर्ते अभिजित धरतच नाहीत.