पार्प इनहिबिटर आणि बीआरसीए : निकाल वाचताना या चुका टाळा

दोन जनुकांपैकी कुठलंही एक बिघडलं तर पेशी तगते, दोन्ही बिघडली तर मरते. या नात्याला सिंथेटिक लिथॅलिटी म्हणतात. फळमाश्यांवर काम करणाऱ्या डोबझान्स्की यांनी १९४६ साली हा शब्द वापरला. त्यातल्या ‘सिंथेटिक’चा कृत्रिमाशी काही संबंध नाही. दोन गोष्टी एकत्र आल्यावर घडणारं, एवढाच त्याचा अर्थ. कर्करोगात याचा उपयोग असा, की एक बिघाड गाठीत आधीच असतो आणि दुसरा आपण औषधाने घडवतो. निरोगी पेशीत पहिला बिघाड नसल्यामुळे ती त्यातून निभावते.

याचं सगळ्यात पक्कं उदाहरण म्हणजे बीआरसीए १ किंवा बीआरसीए २ ही डीएनए-दुरुस्तीची जनुकं गमावलेल्या गाठी आणि पार्प या दुरुस्तीतल्याच एन्झाइमला रोखणारी पार्प इनहिबिटर ही औषधं. २००५ साली दोन गटांनी हे नातं एकाच वेळी दाखवलं आणि २०१४ च्या डिसेंबरमध्ये त्यातल्या ओलापॅरिबला अमेरिकेत अंडाशयाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. गोष्ट सांगायला इतकी सोपी आहे की तिच्यातल्या खाचा नजरेतून सुटतात. प्रयोगशाळेतल्या नवख्या मंडळींचे निकाल आणि रुग्णांचे जनुकीय अहवाल वाचताना ज्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात, त्या इथे सांगतो.

चूक पहिली : ‘पार्प बंद केलं की दुरुस्ती बंद, म्हणून पेशी मेली’

पाठ्यपुस्तकातलं चित्र असं असतं : डीएनएच्या एका धाग्यात तूट पडली की पार्प १ ती हुडकतं आणि दुरुस्तीच्या टोळीला हाक मारतं. पार्प बंद केलं तर तुटी साठतात, प्रतिकृती बनताना त्यांचं दोन्ही धाग्यांच्या तुटीत रूपांतर होतं आणि बीआरसीए नसलेल्या पेशीला ती नीट सांधता येत नाही. चित्र चूक नाही, पण त्यातला मुख्य खलनायक राहून गेलाय.

पार्प १ तुटीवर बसलं की स्वतःवरच एडीपी-रायबोजच्या लांब साखळ्या चढवतं. त्या साखळ्यांमुळे ते डीएनएवरून सुटतं. औषधाने साखळ्या थांबल्या की ते तुटीवरच अडकून बसतं. याला ट्रॅपिंग म्हणतात. प्रतिकृती करणारी यंत्रणा या अडकलेल्या प्रथिनावर येऊन आदळते, आणि तिथून सुटका करायला बीआरसीएची गरज पडते. पेशीत पार्प १ मुळातच नसेल तर अडकायला काही उरत नाही, म्हणून अशा पेशी या औषधांना उलट कमी दाद देतात. पार्प १ काढून टाकलेले उंदीरही जगतात.

यातून होणारी व्यवहारातली चूक अशी. औषध काम करतंय का हे पाहायला आपण वेस्टर्न ब्लॉट लावतो, साखळ्यांची पट्टी नाहीशी झालेली दिसते आणि आपण निर्धास्त होतो. ती पट्टी फक्त एन्झाइम थांबल्याचं सांगते. वेलिपॅरिब साखळ्या उत्तम थांबवतं, पण पार्पला अडकवण्यात कच्चं आहे. टॅलाझोपॅरिब अडकवण्यात ओलापॅरिबच्या सुमारे शंभरपट ताकदीचं आहे. रुग्णाला देण्याच्या मात्रेतही हा फरक उतरतो : ओलापॅरिबच्या गोळ्या साधारणपणे ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, टॅलाझोपॅरिब १ मिलिग्रॅम दिवसातून एकदा. तेव्हा एका औषधाचा निकाल दुसऱ्याच्या नावावर लिहू नका. ट्रॅपिंग मोजायचं असेल तर पेशीचा क्रोमॅटिनला चिकटलेला भाग वेगळा काढून त्यात पार्प १ किती आहे ते पाहा.

आणि मुळात औषध पार्प इनहिबिटर आहे का, हेही तपासा. इनिपॅरिब त्या नावाने मोठ्या चाचणीपर्यंत पोचलं. २०११ मध्ये ट्रिपल निगेटिव्ह स्तनाच्या कर्करोगातली तिसऱ्या टप्प्याची चाचणी फसल्यावर सगळ्या वर्गावरच शंका घेतली गेली. नंतर कळलं की ते खऱ्या अर्थाने पार्प थांबवतच नव्हतं.

चूक दुसरी : तीन दिवसांत निकाल मागणं

प्लेटमध्ये पेशी टाकायच्या, औषध घालायचं, ७२ तासांनी जिवंत किती ते मोजायचं. पुष्कळ औषधांना हे चालतं, इथे फसवतं. अडकलेलं पार्प नुकसान करतं ते डीएनएची प्रतिकृती होताना. समजा तुमच्या पेशी ४० तासांत दुप्पट होतात. ७२ तासांत त्यांच्या दोन फेऱ्याही पुऱ्या होत नाहीत. पहिल्या फेरीत तुटी पडतात, त्या चुकीच्या जागी सांधल्या जातात आणि विभाजनात गुणसूत्रांची वाट लागते, पण पेशी तोवर प्लेटला चिकटलेली असते आणि मोजणीत जिवंत दिसते.

मग होतं काय, तर परिणाम दिसेना म्हणून माणूस मात्रा वाढवतो. दहा, वीस, पन्नास मायक्रोमोलार. शेवटी पेशी मरतात, पण बीआरसीए शाबूत असलेल्या पेशीही मरतात. ही सिंथेटिक लिथॅलिटी नाही, नुसता विषार. ओळखायची खूण हीच : दोन्ही पेशींचे आलेख एकमेकांना चिकटून खाली येत असतील तर प्रयोग गंडलाय. विरळ पेशी पेरा, औषध चालू ठेवून १० ते १४ दिवस वाट पाहा आणि वसाहती मोजा. सोबत त्याच पेशीची बीआरसीए परत दिलेली जोडी ठेवा, भलत्याच रुग्णाची दुसरी पेशीरेषा नव्हे. (तुलनेसाठी सिस्प्लॅटिन वापरत असाल तर ते डीएमएसओमध्ये विरघळवू नका, त्यात ते निकामी होतं. यात गेलेले आठवडे मी मोजायचे सोडून दिलेत.)

चूक तिसरी : अहवालात बीआरसीए दिसलं म्हणजे झालं

प्रत्येक पेशीत जनुकाच्या दोन प्रती असतात. वारशाने बिघाड आलेल्या व्यक्तीच्या सगळ्या शरीरात एक प्रत बिघडलेली आणि एक चांगली असते. त्या एका चांगल्या प्रतीवर पेशीचं भागतं, म्हणून तर औषध अख्ख्या माणसाला मारत नाही. गाठ औषधाला दाद देते ती दुसरी प्रतही गेल्यावर. तेव्हा अहवालात बिघाडासोबत दुसऱ्या प्रतीचं काय झालं हे शोधा. बिघाड वारशाने आलेला असूनही गाठीत चांगली प्रत टिकून असेल, तर ती गाठ कदाचित दुसऱ्याच कारणाने उद्भवली आहे. ‘महत्त्व अनिश्चित’ असा शेरा असलेला बदल तर बिघाड म्हणून धरूच नका.

चूक चौथी, आणि सगळ्यात महाग : काल मोडलेलं आजही मोडलेलंच असेल असं धरणं

याला एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. कॅपन-१ ही स्वादुपिंडाच्या कर्करोगाची पेशीरेषा. तिच्यात बीआरसीए २ ची चांगली प्रत नाहीच. उरलेल्या प्रतीत एक अक्षर गळलेलं आहे. जुन्या अहवालांत हा बिघाड `6174delT` असा लिहितात, नव्यांत `c.5946delT`. बिघाड एकच. जुनी मोजणी आरएनएच्या टोकापासून होती, नवी प्रथिन सुरू होतं तिथून, म्हणून २२८ चा फरक. हे दोन वेगळे बिघाड समजून गोंधळलेले लोक मी पाहिलेत.

जनुक तीन-तीन अक्षरांनी वाचलं जातं. एक गळलं की पुढची सगळी वाचणी सरकते. हे मराठीतच करून पाहा. मूळ ओळ :

कमळ सरळ गवत नगर पवन

‘सरळ’मधला र काढा आणि पुन्हा तीन-तीन अक्षरं वाचा :

कमळ सळग वतन गरप वन

मधे ‘वतन’ योगायोगाने जमलं, बाकी कचरा. जनुकात अशी वाचणी लवकरच ‘थांबा’ या खुणेवर आदळते. बीआरसीए २ चं प्रथिन ३४१८ अमिनो आम्लांचं. कॅपन-१ मध्ये ते सुमारे दोन हजारांवरच संपतं. केंद्रकात शिरायचा परवाना शेवटच्या टोकाला असतो, तोच गेल्यामुळे हे तोकडं प्रथिन बाहेरच राहतं.

आता याच पेशींना पार्प इनहिबिटरमध्ये दीर्घकाळ वाढवलं तर थोड्या पेशी तगून उरतात. २००८ मध्ये त्यांचं जनुक वाचलं तेव्हा त्यात आणखी एक तुकडा गळलेला सापडला. आपल्या ओळीतून र नंतरचे ‘ळ’ आणि ‘ग’ही काढा :

कमळ सवत नगर पवन

एकूण तीन अक्षरं गेली, वाचणी पुन्हा रुळावर आली. मधे सवत शिरली खरी, पण ओळीचं शेपूट परत मिळालं. बीआरसीए २ लाही मधला तुकडा नसला तरी चालून जातं. दुरुस्ती सुरू होते आणि औषध निष्प्रभ ठरतं. याला रिव्हर्शन म्हणतात. त्याच वर्षी सिस्प्लॅटिनसारख्या प्लॅटिनम औषधांना दाद देईनाशा झालेल्या अंडाशयाच्या गाठींतही असेच बदल सापडले. प्लॅटिनमची जखम भरायलाही हीच दुरुस्ती लागते, त्यामुळे प्लॅटिनम चालू असताना वाढलेल्या गाठीला पार्प इनहिबिटर देताना आधी याचा विचार करायला हवा.

इथे अहवाल दोन प्रकारे चकवतो. एक, संगणक दोन्ही गळती वेगवेगळ्या ओळींत लिहितो आणि प्रत्येकीपुढे ‘वाचणी सरकवणारा, घातक’ असा शेरा मारतो. वाचणाऱ्याला वाटतं बिघाड दुप्पट झाला, खरं तर तो मिटलेला असतो. दोन्ही गळती एकाच रेणूवर आहेत का हे कच्च्या वाचनात पाहा आणि अक्षरांची बेरीज तीनने भागा. दोन, गळलेला तुकडा हजारो अक्षरांचा असू शकतो आणि छोट्या तुकड्यांवर चालणाऱ्या चाचणीच्या नजरेतून तो सुटतो. नमुनाही ताजा हवा, गाठ पुन्हा वाढल्यानंतरचा किंवा रक्तात फिरणाऱ्या डीएनएचा. निदानाच्या वेळी मेणात जपलेल्या गाठीच्या जुन्या ठोकळ्यात रिव्हर्शन शोधणं म्हणजे चोरी होण्याआधीच्या फोटोत चोर शोधणं.

एचआरडी गुणांकाचंही तेच. ही दुरुस्ती बिघडल्यामुळे जीनोमवर साचलेले वळ तो मोजतो. एका प्रचलित चाचणीत ४२ किंवा जास्त गुण आले की दुरुस्ती बिघडलेली धरतात. पण दुरुस्ती परत आली तरी वळ पुसले जात नाहीत. आजची स्थिती पाहायची तर पेशीत आरएडी ५१ चे ठिपके जमतात का ते पाहावं लागतं, कारण बीआरसीए २ चं मुख्य काम आरएडी ५१ ला तुटीवर नेऊन बसवणं हेच. तेही वाढत्या पेशी ओळखणाऱ्या जेमिनिन या खुणेसोबत रंगवा. ही दुरुस्ती प्रतिकृती सुरू झाल्यावरच चालते, म्हणून न वाढणाऱ्या पेशीत ठिपके नसणारच, आणि त्याला बिघाड म्हणून बसाल.

ठिपके दिसले आणि रिव्हर्शन नाही, असंही होतं. बीआरसीए १ गेलेल्या पेशीत ५३बीपी१ हे प्रथिनही नाहीसं झालं की तुटीची टोकं दुरुस्तीला लागतात तशी पुन्हा तासली जाऊ लागतात आणि दुरुस्ती आडवाटेने सुरू होते. बीआरसीए २ गेलेल्या पेशीला ही वाट उपयोगाची नाही, कारण तिची अडचण तासण्याच्या पुढच्या पायरीवर आहे. म्हणून रिव्हर्शन सापडलं नाही तर पुढचा शोध कुठे घ्यायचा, हे आधी कुठलं बीआरसीए गेलं होतं यावरून ठरवा.