वर्कस्टेशन लॅपटॉपवर गेम चालतील का? पैसे देण्याआधी असं तपासा

हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांमधून निघालेले वर्कस्टेशन लॅपटॉप पुण्यात सेकंडहँड मिळतात. बांधणी दणकट असते, पण ग्राफिक्स चिप असते क्वाड्रोची, म्हणजे एनव्हिडियाच्या गेमपेक्षा डिझाइनसारख्या कामांसाठी बनवलेल्या मालिकेतली. मग गेमिंगचं काय, हा प्रश्न येतोच.

आधी चिपचं गेमिंग मालिकेतलं जुळं भावंड शोधा. क्वाड्रो टी२००० घ्या. जीटीएक्स १६५० ज्या टीयू११७ चिपवर बनतं, त्याच चिपवर हेही बनलंय. म्हणजे गेमच्या पानावर १६५० लिहिलेलं दिसलं, की तो तुमचाच वर्ग समजा. आरटीएक्स ए२००० साधारण ३०५० टीआयच्या वर्गातलं.

पण नाव सारखं म्हणून वेग सारखा नसतो, आणि इथेच बहुतेक जण फसतात. टी२००० पूर्ण ताकदीनं ६० वॅटपर्यंत जातं, तर मॅक्स-क्यू या कमी विजेच्या प्रकारात ३५ ते ४० वॅटवरच अडतं. म्हणून दुकानातच गेम लावा आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये हे चालू ठेवा:

```
nvidia-smi -l 5
```

दर पाच सेकंदांनी तापमान, वॅट आणि मेमरी दिसते. वीसेक मिनिटं खेळू द्या. सुरुवातीला ५५ वॅट आणि नंतर ३० दिसले, तर कूलिंग कमी पडतंय. पंखा साफ करून थर्मल पेस्ट बदलायला लावा. पहिल्यापासूनच आकडा कमी असेल तर चार्जर बघा. १३० वॅटच्या मशिनला ६५ वॅटचा टाइप-सी चार्जर जोडून दिलेला असू शकतो. आणि वॅट जवळजवळ हललेच नाहीत, तर गेम इंटेलच्या चिपवर चाललाय. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ग्राफिक्स उघडून त्या गेमला ‘High performance’ द्या.

ड्रायव्हर एनव्हिडियाच्या साइटवरून क्वाड्रो/आरटीएक्स विभागातला घ्या. जीफोर्सचा गेम रेडी ड्रायव्हर या चिपसाठी नसतो.

खरी मर्यादा आहे ती ग्राफिक्स चिपच्या स्वतःच्या ४ जीबी मेमरीची. मेमरी ३.८ जीबीच्या आसपास टेकली आणि गाडी वळवताना, दार उघडताना चित्र अडखळलं, तर आधी टेक्स्चर ‘लो’ करा. सावल्यांना नंतर हात लावा. स्क्रीन ४के असली तरी गेम १९२०×१०८० वरच ठेवा. सायबरपंक २०७७ सारख्या जड गेममध्ये एफएसआर, म्हणजे कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून वेग वाढवणारी सोय, चालू करा. टी२००० मध्ये टेन्सर कोर नाहीत, त्यामुळे त्याच कामाची एनव्हिडियाची डीएलएसएस सोय मिळणार नाही.

व्हॅलोरंट, जीटीए ५ टी२००० वर आरामात चालतात. ‘डूम: द डार्क एजेस’ला मात्र हार्डवेअर रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशकिरणांचा हिशेब करण्याची चिपमधली सोय, लागतेच, तिथे सेटिंग कितीही उतरवा, उपयोग नाही. अशा गेमसाठी किमान आरटीएक्स नावाची चिप हवी, आणि त्यातही मेमरी ८ जीबी असलेली शोधा. शंका असेल तर गेम स्टीमवरून घ्या: १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल, तर पैसे परत मागता येतात.