ग्राहकामागची सरासरी कमाई घसरली? आधी ग्राहकांचे वाटे मोजा

एकूण महसुलाला ग्राहकांच्या संख्येने भागले की ग्राहकामागचा सरासरी महसूल मिळतो. हा आकडा खाली आला की बहुतेक जण धरून चालतात की लोक कमी खर्च करू लागले. पण प्रत्येक ग्राहक पूर्वीपेक्षा जास्त पैसे देत असतानाही सरासरी घसरू शकते. ती कशामुळे हलली, हे शोधायला दोन तिमाह्यांचे आकडे आणि कागद-पेन पुरते.

महिनावार वर्गणी घेणारी एखादी सेवा धरू. तिचे ग्राहक दोन गटांत मोडतात, व्यावसायिक आणि वैयक्तिक. मागच्या तिमाहीत ४०० व्यावसायिक ग्राहक महिन्याला सरासरी ५०० देत होते आणि ६०० वैयक्तिक ग्राहक १००. महिन्याचा महसूल २,६०,००० आणि सरासरी २६०. या तिमाहीत ४५० व्यावसायिक ग्राहक ५२० देतात आणि १,०५० वैयक्तिक ग्राहक ११०. महसूल ३,४९,५०० झाला, पण ग्राहक १,५०० असल्याने सरासरी २३३ वर आली. दोन्ही गटांचा दर वाढला, महसूल वाढला, तरी सरासरी २७ ने घटली.

पहिली पायरी म्हणजे वाटे काढणे. व्यावसायिकांचा वाटा ४० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आला आणि वैयक्तिकांचा ६० वरून ७० वर गेला. व्यावसायिक ग्राहक संख्येने वाढलेच आहेत, म्हणून नुसती संख्या पाहणाऱ्याला इथे काहीच खटकत नाही.

मग एक काल्पनिक सरासरी काढा, ज्यात वाटे नवे पण दर जुनेच ठेवायचे. ५०० चे ३० टक्के म्हणजे १५०, १०० चे ७० टक्के म्हणजे ७०, बेरीज २२०. कोणाचाही दर हलला नसता, तरी निव्वळ वाटे बदलल्याने सरासरी २६० वरून २२० वर आली असती. हे उणे ४० म्हणजे मिश्रणाचा परिणाम. २२० पासून खऱ्या २३३ पर्यंतचे अधिक १३ दरवाढीने आले. दोन्ही मिळून उणे २७, म्हणजे हिशेब जुळला. बेरीज जुळत नसेल तर एखादा ग्राहक दोन्ही गटांत मोजला गेला आहे का किंवा कुठल्याच गटात आलेला नाही का, ते आधी बघा.

हीच विभागणी उलट क्रमाने, म्हणजे आधी दर बदलून, केली तर दराचा परिणाम १४ आणि मिश्रणाचा उणे ४१ येतो. चूक कुठलीच नाही. वाटा आणि दर एकदमच बदलतात, आणि त्या दोघांचा सामाईक तुकडा कुणाच्या तरी पदरात टाकावा लागतो. एक क्रम ठरवा आणि दर तिमाहीला तोच ठेवा.

आता गट कसे पाडायचे, हा माझ्या मते सगळ्यात नाजूक भाग. खर्चाच्या रकमेवरून गट पाडायचा मोह होतो: इतक्याच्या वर मोठा ग्राहक, खाली छोटा. तसे करू नका. समजा महिन्याला ३०० देणारा ग्राहक ५०० सरासरीच्या मोठ्या गटात होता. कुणीतरी सीमारेषा थोडी वर सरकवली आणि तो १०० सरासरीच्या छोट्या गटात गेला. मोठ्या गटातला कमी देणारा गेला म्हणून त्याची सरासरी वाढली. छोट्या गटात जास्त देणारा आला म्हणून त्याचीही वाढली. एकाही ग्राहकाने एक पैसाही जास्त दिलेला नाही, तरी दोन्ही गट सुधारल्यासारखे दिसतात. म्हणून गट अशा गोष्टीवरून पाडा जी खर्चाबरोबर बदलत नाही: ग्राहकाचा प्रकार, तो कुठल्या मार्गाने आला, कुठल्या तिमाहीत आला.

ग्राहक कुठल्या तारखेला आला, तेही ध्यानात ठेवा, कारण महिन्याच्या मध्यावर आलेला ग्राहक त्या महिन्यात निम्मेच पैसे देतो, पण मोजताना पूर्ण एक धरला जातो. नवे ग्राहक झपाट्याने येत असतील तर यानेच गटाचा दर खाली ओढला जातो. दोन्ही तिमाह्यांत पूर्ण काळ असलेल्या ग्राहकांची सरासरी वेगळी काढली की दर खरेच घटला का, ते स्पष्ट होते.

सरासरी वाढली तरीही हीच तपासणी करा. वरच्या सेवेचे मागच्या तिमाहीतले ३०० वैयक्तिक ग्राहक सोडून गेले आणि बाकी काहीच बदलले नाही, असे धरा. उरलेल्या ७०० ग्राहकांचा महसूल २,३०,००० आणि सरासरी जवळपास ३२९. आकडा २६० वरून चढला, पण ३०,००० चा महसूल गेला. म्हणून सरासरीशेजारी ग्राहकसंख्या आणि एकूण महसूल एकाच ओळीत लिहा, आणि मिश्रणाचा परिणाम त्याखाली स्वतंत्र आकडा म्हणून द्या.