रात्रपाळी, कॉर्टिसोल आणि साखर : थर्ड शिफ्टवाल्यांनी या चुका टाळा

चाकणच्या पट्ट्यातला एक सीएनसी ऑपरेटर, वय ३४. आठवड्याला पाळी बदलते : फर्स्ट, सेकंड, थर्ड. थर्ड म्हणजे रात्री ११ ते सकाळी ७. मोबाइलवर दोन रिपोर्ट घेऊन तो दवाखान्यात आला. एकात उपाशीपोटी साखर ११८, दुसऱ्यात कॉर्टिसोल, म्हणजे ॲड्रिनल ग्रंथीतून निघणारं संप्रेरक, ४.८. कुणीतरी त्याला सांगितलं होतं, ‘तुझी ॲड्रिनल ग्रंथी थकलीय.’ म्हणून महिनाभर तो अश्वगंधाच्या गोळ्या खात होता. गंमत अशी, की काही छोट्या चाचण्यांत अश्वगंधाने कॉर्टिसोल कमी झाल्याचं दिसलं आहे. म्हणजे कमी आहे म्हणून घाबरला आणि कमी करणारंच औषध घेत बसला.

दोन्ही रिपोर्ट चुकीच्या पद्धतीने वाचले गेले होते. तरीही त्याला काहीच झालं नव्हतं, असंही नाही. म्हणून त्याचंच उदाहरण धरून चुका बघू.

पहिली चूक : कॉर्टिसोलचा आकडा वेळ न बघता वाचणं

कॉर्टिसोल दिवसभर एका पातळीवर नसतं. पहाटे ते चढायला लागतं, जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात आणखी उसळी घेतं, दुपारनंतर उतरत जातं आणि मध्यरात्रीच्या आसपास तळाला जातं. ही चढउतार मेंदूतलं घड्याळ चालवतं आणि ते घड्याळ मुख्यतः डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर जुळतं. पाळी बदलली म्हणून घड्याळ लगेच बदलत नाही. दिवसाला साधारण तासभर सरकलं तरी पुष्कळ. आठवड्याच्या थर्ड शिफ्टमध्ये ते बिचारं निम्म्या वाटेवर पोहोचेपर्यंत पाळी संपते.

या गड्याने रक्त दिलं होतं दुपारी साडेचारला, झोपून उठल्यावर. त्याच्या दृष्टीने ती ‘सकाळ’. म्हणून रिपोर्टवर छापलेल्या दोन मर्यादांपैकी त्याने सकाळची बघितली आणि ४.८ तिच्या खाली निघालं. पण त्याच्या शरीराच्या घड्याळात ती दुपारच होती, आणि दुपारच्या मर्यादेत तो आकडा आरामात बसत होता.

‘ॲड्रिनल थकवा’ नावाचा आजार अंतःस्रावी ग्रंथींचे तज्ज्ञ मानत नाहीत. ग्रंथी खरोखर बंद पडते तेव्हा वेगळी लक्षणं दिसतात : वजन उतरत जातं, कातडी काळवंडते, उभं राहिलं की भोवळ येते, उलट्या होतात. उलट कॉर्टिसोल खरंच वाढलेलं असेल तर पोटावर जांभळे रुंद पट्टे येतात, साध्या धक्क्याने काळंनिळं होतं, मांडी घालून बसल्यावर उठताना जोर लागतो. यांतलं काही असेल तर डॉक्टरांकडे जा, आणि पाळी कोणती चालू आहे हे आधी सांगा. रात्री उशिराच्या थुंकीतलं कॉर्टिसोल मोजायची एक तपासणी आहे. रात्रपाळीवाल्यांत ती भरवशाची नसते, कारण त्यांची ‘रात्र’ नेमकी कुठे आहे हेच ठाऊक नसतं. दुखण्यावर कुणी दिलेली ‘देशी’ पावडर खात असाल तर तेही लपवू नका. अशा पुड्यांत कधीकधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं आणि ते कॉर्टिसोलचा सगळा हिशेब बिघडवतं.

दुसरी चूक : शिफ्ट सुटली की थेट ‘उपाशीपोटी’ रक्त देणं

११८ चा उलगडा फार सोपा होता. सकाळी साडेसातला बसमधून उतरून त्याने लॅबमध्ये हात पुढे केला. ‘रात्री काही खाल्लं होतं का?’ विचारलं तर म्हणाला, ‘जेवण नाही हो, फक्त साडेतीनला कँटीनमधला वडापाव आणि चहा.’ उपाशीपोटी म्हणजे किमान आठ तास पाण्याशिवाय काही नाही. इथे चारच तास झाले होते, वर रात्रभराचं जागरण.

त्यामुळे आम्ही एचबीएवनसी केली. ती मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते आणि रक्त कुठल्या वेळी घेतलं याचा तिच्यावर परिणाम होत नाही. आली ५.९. साखरेची पूर्वावस्था ५.७ ते ६.४ मध्ये धरतात, म्हणजे काळजीचं कारण खरं होतं. (रक्त कमी असेल तर हा आकडाही फसवतो, म्हणून हिमोग्लोबिन सोबत बघायचं.)

तिसरी चूक : रात्रीच्या पोटाला दिवसाचं समजणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, म्हणून इथे जरा थांबतो.

रात्री दोन-तीन वाजता तुम्ही मशीनसमोर जागे असलात तरी स्वादुपिंड ‘रात्र’ धरूनच चालतं. रात्र झाल्याचा इशारा देणारं मेलाटोनिन चढलेलं असतं, इन्शुलिन सुस्त असतं, आणि खाल्लेली साखर रक्तात जास्त वेळ रेंगाळते. शरीराच्या घड्याळाच्या संध्याकाळी तेच जेवण सकाळपेक्षा साखर सुमारे १७ टक्के जास्त चढवतं, असं २०१५च्या एका प्रयोगात मोजलं गेलं. २००९ मध्ये दहा जणांना २८ तासांच्या ‘दिवसावर’ ठेवून झोप आणि जेवण उलटं केलं, तेव्हा इन्शुलिन २२ टक्के वाढूनही साखर ६ टक्के जास्तच राहिली. ज्या आठ जणांची पुरेशी मोजमापं हाती होती, त्यांतल्या तिघांची जेवणानंतरची साखर पूर्वावस्थेच्या पट्ट्यात गेली. त्यांचं कॉर्टिसोलही पार उलटं झालं होतं : झोपायच्या वेळी वर, उठायच्या वेळी खाली.

पुढे २०२१ मध्ये १९ निरोगी लोकांवर याच्या पुढचा प्रश्न तपासला. सगळ्यांना रात्रपाळीसारखं जागवलं. एका गटाने रात्री खाल्लं, दुसऱ्याने फक्त दिवसा. रात्री खाणाऱ्यांची सरासरी साखर ६.४ टक्के वाढली. दिवसा खाणाऱ्यांची लक्षात येण्यासारखी वाढली नाही. जागरण दोघांचं सारखंच होतं. प्रयोगशाळेतले तरुण लोक आणि थोडे दिवस, एवढी त्याची मर्यादा. तरी पाळी तुमच्या हातात नसली तरी डबा थोडाफार हातात आहे, एवढं यावरून म्हणता येतं.

आमच्या गड्याचा डबा असा बदलला. मुख्य जेवण रात्री नऊला, घरून निघायच्या आधी : दोन भाकरी, उसळ, भाजी, थोडा भात. मध्यरात्र ते सहा शक्यतो पाणी. अगदीच भूक लागली तर एकच्या आत मूठभर फुटाणे किंवा एक उकडलेलं अंडं. घरी आल्यावर आठ वाजता हलके पोहे, आणि दुपारी उठल्यावर व्यवस्थित जेवण. पहिले तीन दिवस पोट ओरडतं, चौथ्या दिवशी गप्प होतं, असं त्याचंच म्हणणं. कँटीनचा वडापाव मात्र फुकट असतो, आणि फुकटाशी भांडणं अवघड.

इन्शुलिन घेणाऱ्यांनी किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर झपाट्याने उतरवणारी गोळी खाणाऱ्यांनी हे आपल्या मनाने करू नये. रात्रीचं खाणं बंद करून डोस तसाच ठेवला तर पहाटे मशीनवर साखर पडते. आधी डोसाची वेळ डॉक्टरांकडून बदलून घ्या.

चौथी चूक : ‘जरा आवरून’ अकराला झोपणं

दिवसा चार-पाच तासांत जाग येते, ही तक्रार जवळपास प्रत्येक जण करतो. त्याचं कारण वर आलंच आहे : सकाळी कॉर्टिसोल आणि अंगाचं तापमान चढतीला असतं आणि ते झोपेला मागून ढकलत असतं. जितका उशीर कराल तितकी झोप आखूड. गच्चीवर ऊन खात पेपर, मग आंघोळ, मुलांची शाळा, बँक, आणि अकराला अंथरूण : मग दोन वाजता डोळे टक्क उघडतात.

साडेआठ-नऊच्या आत पडा, खिडकीला जाड पडदा लावा, फोन बंद करा. उरलेली झोप संध्याकाळी सात ते साडेआठ अशी भरून काढा. कामावर जायच्या आधीची ही डुलकी पहाटेच्या पेंगेवरही चालते. झोप कमी पडणं स्वतःच साखर बिघडवतं. ११ तरुणांना सहा रात्री चारच तास झोपू दिलं, तर साखर वापरायचा त्यांचा वेग सुमारे ४० टक्क्यांनी घटला आणि संध्याकाळचं कॉर्टिसोल चढं राहिलं. हा प्रयोग १९९९चा.

चहा लागतच असेल तर शेवटचा कप दोनच्या आसपास. कॅफिन निम्मं उतरायला पाचेक तास लागतात, त्यामुळे साडेपाचच्या चहातलं अर्ध्याहून जास्त कॅफिन तुमच्याबरोबर अंथरुणात येतं. झोप यावी म्हणून सकाळी क्वार्टर घेणारेही आहेत. त्याने डोळा लागतो, पण तासा-दोन तासांनी झोप फाटते.

पाचवी चूक : सगळ्यांना एकच सल्ला

काळा गॉगल घालून घरी जा, हा सल्ला सगळीकडे मिळतो. तो कायम रात्रपाळीवाल्यांसाठी आहे : वॉर्डातली नाइटची नर्स, वॉचमन, अमेरिकेच्या वेळेवर बसणारी आयटीतली मंडळी. पहाटे साधारण पाचनंतरचा उजेड घड्याळाला पुन्हा दिवसाकडे खेचतो, तो अडवायचा असतो. अशांनी सुट्टीच्या दिवशी रात्री दहाला झोपून सगळी मेहनत मोडू नये. शक्य असेल तर पहाटे तीन ते दुपारी बारा झोपावं आणि कामाच्या दिवशी साडेआठ ते साडेतीन. दोन्हींचा मधला भाग जुळतो आणि घड्याळ तिथे टेकतं. लग्नसराईत हे जमत नाही, मान्य.

आठवड्याला पाळी बदलणाऱ्याने घड्याळ हलवायच्या नादी लागू नये. त्याला झोपेचे तास आणि डब्याची वेळ एवढंच सांभाळायचं आहे. पाळ्या फर्स्ट, सेकंड, थर्ड अशा पुढे सरकत असतील तर बरं. माणसाचं घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित लांब असल्याने पुढे जाणं त्याला सोपं जातं. उलट फिरत असतील तर सुपरवायझरकडे विषय काढायला हरकत नाही. आणि डोळे मिटत असतील तर गॉगल असो-नसो, दुचाकीला किल्ली लावू नका, बसने जा.

तीन महिन्यांनी त्याची एचबीएवनसी ५.७ आली. हा फरक लहान आहे, लॅबच्या चढउतारातही बसेल, म्हणून पुन्हा तीन महिन्यांनी बघायचं ठरलं. अश्वगंधा बंद आहे. पडदे लागले आहेत. आता अडचण उरलीय ती फक्त साडेनऊला बेल वाजवणाऱ्या दूधवाल्याची. त्याच्यासाठी दाराला पिशवी अडकवली आहे आणि बेलचं बटण काढून टाकलं आहे.