कान्हेरीच्या वाटेवर उकाडा आणि गारठा वेळीच कसा ओळखावा

पावसाळ्यात बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरी लेण्यांपर्यंत चालत गेलं की सहा-सात किलोमीटरच्या वाटेत अंग आधी तापतं आणि वर पोचल्यावर गारठतं. दोन्हींची चाहूल आधी लागते. कपडे तेव्हाच बदलायचे.

निघताना किंचित गार वाटेल एवढेच कपडे घाला, कारण चालायला लागलं की अंगात ऊब येतेच. आत पटकन वाळणारा खेळाचा टी-शर्ट हवा. जीन्स आणि सुती बनियन नकोच, सुती कापड भिजलं की तासन्‌तास ओलं राहतं. एक कोरडा टी-शर्ट आणि पातळ विंडचीटर प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवा.

पंधरा मिनिटं चाललात की थांबा आणि रेनकोटखालून पाठीवर हात फिरवा. टी-शर्ट पाठीला चिकटला असेल तर रेनकोट गळत नसून तो घाम आहे. घाम वाळतो तेव्हाच अंग थंड होतं. मुंबईच्या दमट हवेत तो मुळातच सावकाश वाळतो आणि बंद रेनकोटात जवळजवळ वाळतच नाही. म्हणून चेन पोटापर्यंत उघडा, टोपी मागे टाका. रिमझिम असेल तर रेनकोट काढून सरळ छत्री उघडा. इथल्या डांबरी रस्त्यावर मला छत्रीच जास्त उपयोगी वाटते.

पुढच्या चढावर डोकं ठणकायला लागलं, मळमळलं, पोटऱ्यांत गोळे आले किंवा बरोबरचा माणूस विनाकारण चिडचिड करू लागला, तर त्याला पुढे रेटू नका. सावलीत बसवा, सॅक उतरवा, कपडे सैल करा, मान आणि हात ओले करून वारा घाला, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट द्या.

वर पोचल्यावर सगळे कातळावर बसतात आणि वारा छान लागतो. गारठा इथेच सुरू होतो. चालणं थांबल्यामुळे अंगातली ऊब कमी होते आणि ओला टी-शर्ट उरलेली ओढून घेतो. त्यामुळे बसायच्या आधीच, थंडी वाजायची वाट न पाहता, ओला टी-शर्ट काढून कोरडा घाला आणि वरून विंडचीटर. आडोशाला बसा. मग अंगठा करंगळीला टेकवून पाहा. बोटं अडखळली, डब्याचं झाकण उघडेना किंवा एरवी बडबडणारा गप्प झाला, तर त्याला गारठा लागलाय. त्याला गोड चहा आणि खायला द्या, डोकं पुसून झाका. अंग गरम झालं की विंडचीटर काढा, नाहीतर उतरताना पुन्हा घाम धरेल.

बोलणं असंबद्ध झालं, तोल जायला लागला किंवा शुद्ध हरपत असेल, तर नुसते कपडे बदलून भागणार नाही. लगेच १०८ ला फोन करा. रुग्णवाहिका येईपर्यंत तापलेल्याच्या अंगावर पाणी ओतून वारा घालत राहा आणि गारठलेल्याला कोरड्या कपड्यांत गुंडाळून ठेवा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात काहीही घालू नका.